बहात्तर फोनांनी मेलेला रॉबिन

आमच्या मुरगूडच्या गल्लीत पाच पोरांचं एक वाचक मंडळ आहे. एका बालमासिकातल्या चित्रकथेच्या हिरोचं ते फॅन क्लब म्हणा ना! एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून महिन्याला एक अंक आणायचा आणि पाळीपाळीनं वाचायचा, असा त्यांचा कारभार. गेल्या अंकात शेवटच्या चौकटीखाली छापून आलं, ‘पुढील अंकात अखेरचा निरोप’. झालं! आठवीतल्या पुतण्यानं फुलस्केपवर पत्र लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. “काका, बघा की जरा. पोस्टात टाकायचंय.”

पत्र असं होतं : ‘आदरणीय संपादक साहेब, आमच्या हिरोला मारू नका. तो आमचा जीव आहे. मारलात तर आम्ही पाचही जण अंक घेणं बंद करू.’

मी म्हटलं, “पाच जण कुठले रे? अंक तर एकच येतो.”

तो गप्प झाला. पण अडचणीचं मूळ नेमकं तिथंच आहे. प्रकाशक वाचक मोजत नाही, अंक मोजतो. वर्गणीदाराचं नाव-पत्ता त्याच्याकडे असतो, मात्र स्टॉलवरून अंक कुणी नेला याचा त्याला पत्ता नसतो. विक्रेत्याकडून न खपलेले अंक परत आले की तेवढा आकडा तो वजा करतो. म्हणजे या पाच पोरांनी अंक बंद केला, तर प्रकाशकाच्या वहीत काही महिन्यांनी परतीचा एक अंक वाढेल आणि तो का वाढला हे कुणालाच कळणार नाही.

पात्र मरावं की जगावं हे वाचकांच्या हातात खरोखर दिल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडलं. बॅटमॅनच्या जोडीला रॉबिन असतो हे आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक आहे. मूळचा रॉबिन मोठा होऊन स्वतंत्र झाल्यावर त्याच्या जागी जेसन टॉड नावाचा दुसरा मुलगा आला. तो 1983 मध्ये पहिल्यांदा दिसला. पुढे 1987 मध्ये त्याची कुळकथा बदलण्यात आली. बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला हा रस्त्यावरचा पोरगा, रागीट आणि सांगितलेलं न ऐकणारा. एका गोष्टीत एक गुन्हेगार गच्चीवरून पडून मरतो. जेसननं ढकललं की तो आपसूक पडला, हे लेखक जिम स्टार्लिननं मुद्दामच उघड केलं नाही. वाचकांची पत्रं येऊ लागली, आणि त्यातली बरीच जेसनच्या विरोधातली होती.

संपादक डेनिस ओ’नील यांनी मग एक शक्कल लढवली. ‘बॅटमॅन’च्या 427व्या अंकाच्या शेवटी जेसन एका गोदामात अडकलेला आणि बॉम्ब फुटलेला, एवढ्यावर गोष्ट थांबवली. सोबत दोन फोन नंबर छापले : एक त्याला जगवायला, दुसरा मारायला. 15 आणि 16 सप्टेंबर 1988 असे दोन दिवस मिळून छत्तीसेक तास नंबर चालू होते. एका फोनला 50 सेंट पडत. म्हणजे मत देणं काही फुकटातलं काम नव्हतं. मोजणी झाली तेव्हा मारा म्हणणारे 5,343 आणि जगवा म्हणणारे 5,271. बहात्तर मतांचा फरक. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एवढ्या फरकानं पडलेला माणूस पाच वर्षं तेच बोलत राहतो.

या आकड्यांवर अजून वाद चालू आहे. कुणीतरी कॉम्प्युटरला सारखा मारायचाच नंबर फिरवायला लावून ठेवला होता, असं ऐकल्याचं खुद्द ओ’नील पुढे सांगत. खरं-खोटं ठरवायला मार्ग नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आलेले फोन सगळे मिळून साडेदहा हजारांच्या थोडे वर होते. जेसनवर राग असलेल्यांनी फोन उचलला. त्याच्यावर माया असलेल्यांतले कितीतरी ‘एवढ्या पोराला कुठं मारतायत!’ म्हणत स्वस्थ बसले असणार, असा माझा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट पोराला समजावून सांगावी लागली, ती वेळेची. चित्रकथेत आधी कथा आणि संवाद लिहून होतात, मग पेन्सिलीनं पानं काढतात, त्यावर शाई फिरते, फुग्यांत अक्षरं भरतात, रंग चढतात आणि मग छपाई. तुमच्या हातात अंक पडतो तेव्हा पुढच्या अंकाची पानं बहुधा तयार असतात, म्हणून अंक वाचून पाठवलेलं पत्र उशिराच पोचतं. 1988 मध्ये फोनचा कौल पाळता आला, कारण चित्रकार जिम अपारो यांच्याकडून मोक्याची पानं दोन्ही प्रकारे आधीच काढून घेतली होती. जेसन जिवंत सापडल्याचं न वापरलेलं चित्र पुढे 2006 मध्ये छापून आलं, आणि 2023 च्या अखेरीस तर जगलेल्या रॉबिनचा अख्खा अंकच निघाला. पस्तीस वर्षं कपाटात पडून राहिलेल्या पानांनाही शेवटी गिऱ्हाईक मिळालं.

मुळात मरणार हे वाचकाला आधी कळतंच कशाला? 1973 मध्ये स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी मारली गेली, तेव्हा कुणाला सुगावा लागू नये म्हणून गोष्टीचं शीर्षक पहिल्या पानावर न देता शेवटी दिलं होतं. कुणी आधी पत्र लिहिणार तरी कसं? उलट 1992 मध्ये सुपरमॅन मरणार याची आधीच दवंडी पिटली गेली. वर्तमानपत्रांत बातम्या झळकल्या, लोकांनी काळ्या पिशवीत बंद केलेले अंक रांगा लावून घेतले आणि पुढच्याच वर्षी सुपरमॅन परतला. तिथे मृत्यू हाच विकायचा माल होता. अशा वेळी ‘मारू नका’ म्हणून आलेली पत्रं पाहून प्रकाशक खूशच होत असणार. पुतण्याच्या मासिकातलं ‘अखेरचा निरोप’ मला याच जातीचं वाटतं.

संघटित पत्रांचाही इतिहास आहे. 1994 मध्ये ‘ग्रीन लँटर्न’चा नायक हॅल जॉर्डन याला खलनायक केलं, तेव्हा चिडलेल्या चाहत्यांनी ‘हॅल्स एमराल्ड अटॅक टीम’ नावाचं मंडळच काढलं. नावातला ‘अटॅक’ पुढे बदलून त्यांनी सौम्य शब्द घेतला. ही मंडळी वर्षानुवर्षं प्रकाशकाच्या मागे लागून राहिली. 2004 मध्ये हॅल नायक म्हणून परत आला, पण तो आणला जेफ जॉन्स या लेखकानं, ज्याचा स्वतःचाच हॅलवर जीव होता. मंडळाला श्रेय किती, यावर एकमत व्हायचं नाही. जेसन टॉडही 2005 मध्ये ‘रेड हूड’ बनून परतला, तोसुद्धा जड विनिक या लेखकाच्या कथेमुळे. पत्र कुणाच्या नावे लिहायचं, ते यावरून कळावं. संपादक तारखा आणि खप बघतो, तर मेलेल्याला उठवायची युक्ती लेखकाला सुचावी लागते.

पुतण्यानं दुसरा कागद घेतला. धमकी काढली. आम्ही पाच जण एक अंक वाचतो, हे आता पहिल्याच ओळीत आलं. मग त्यानं मे महिन्याच्या अंकाचा दाखला दिला : ‘त्यात हिरोच्या धाकट्या बहिणीला नदीपलीकडं सोडलंय आणि परत आणतो म्हणून त्यानं शब्द दिलाय. तो शब्द पुरा झालेला नाही. ती अजून पलीकडंच आहे.’ हे मात्र मला सुचलं नसतं. ज्यानं कथा लिहिली त्याला हे वाचून उत्तर द्यावंच लागेल. खाली एक विनंती : पानं तयार झाली असतील तर निदान प्रेत दाखवू नका.

पाकिटावर संपादकांच्या खाली लेखकाचंही नाव घातलं. पाच जणांनी वर्गणी काढून वार्षिक वर्गणीची मनीऑर्डर करायचं ठरलं आहे. पैसे मात्र अजून चौघांचेच जमलेत.