चित्रात न दिसणाऱ्या सममिती

कागदावर एक चौकोन काढा, त्याचे दोन्ही कर्ण जोडा आणि कोपऱ्यांना ओळीने क, ख, ग, घ अशी नावं द्या. या आकृतीच्या सममिती किती? शाळेतली भूमिती आठ सांगते: चार प्रकारे फिरवता येते आणि चार प्रकारे उलटवता येते. पण हीच आकृती आलेख, म्हणजे ग्राफ, म्हणून पाहिली तर उत्तर २४ येतं.

कारण ग्राफमध्ये लांबी, कोन, आकार यांना काहीच अर्थ नसतो. कोणता बिंदू कोणाशी जोडलेला आहे, एवढंच महत्त्वाचं. बिंदूंची आपापसात अशी अदलाबदल करायची की जोडलेले बिंदू जोडलेलेच राहतील आणि न जोडलेले तसेच सुटे राहतील. अशा अदलाबदलीला ऑटोमॉर्फिझम म्हणतात. दोन ऑटोमॉर्फिझम एकापाठोपाठ केले तरी ऑटोमॉर्फिझमच मिळतो, आणि केलेला प्रत्येक उलटा फिरवता येतो. म्हणून त्या सगळ्यांचा मिळून एक ग्रुप होतो. काहीच न हलवणं हाही त्यातलाच एक.

आता फक्त क आणि ख यांची अदलाबदल करा. ग, घ जागीच ठेवा. कर्ण नसलेल्या चौकोनात हे चालत नाही. ख–ग ही रेघ क–ग व्हायला हवी आणि तशी रेघच तिथे नाही. कर्ण काढले की ती रेघ असते, त्यामुळे काही बिघडत नाही. कागदावर चौकोन पिळल्यासारखा दिसेल, पण सहाही रेघा शाबूत असतात.

मोजायची रीत सोपी आहे. एकेक बिंदू घ्यायचा आणि तो कुठे जाऊ शकतो ते विचारायचं. पाच बिंदूंचं चक्र घेऊ, म्हणजे नुसता पंचकोन. पहिला बिंदू पाचांपैकी कुठेही जाईल. दुसरा त्याचा शेजारी, त्यामुळे तो नव्या जागेच्या दोन शेजाऱ्यांपैकी एकावरच बसेल. इथे आपलं स्वातंत्र्य संपलं. तिसरा दुसऱ्याचा उरलेला शेजारी, म्हणून त्याची जागा ठरलेली, आणि पुढच्यांचीही. पाच गुणिले दोन, दहा. तीन किंवा जास्त बिंदूंच्या कोणत्याही चक्राला बिंदूंच्या दुप्पट सममिती असतात.

पूर्ण ग्राफमध्ये प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला असतो, म्हणून कुठलीच अट आड येत नाही. पाच बिंदूंना ५ × ४ × ३ × २ × १, म्हणजे १२०. कर्णांसह चौकोनाचे २४ असेच आले. मात्र त्रिकोणात चक्र आणि पूर्ण ग्राफ एकच, म्हणून दोन्ही हिशेबांनी सहाच येतात.

या दोन्ही प्रकारांत पहिला बिंदू कुठेही नेता आला. ज्या ग्राफमध्ये कोणताही बिंदू कोणत्याही बिंदूच्या जागी नेता येतो, त्याला व्हर्टेक्स-ट्रान्झिटिव्ह म्हणतात. अशा ग्राफमध्ये कोणत्याही बिंदूवर उभं राहून पाहिलं तरी सभोवार तेच दिसतं. प्रत्येक बिंदूला सारख्याच रेघा असल्या की झालं, असा समज सहज होतो, पण तो खरा नाही. रॉबर्ट फ्रुख्ट यांच्या १२ बिंदूंच्या ग्राफमध्ये प्रत्येकाला तीनच रेघा आहेत, तरी काहीच न हलवण्यापलीकडे त्याला एकही सममिती नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला पीटरसन ग्राफ आहे. ज्युलियस पीटरसन यांनी १८९८ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. नेहमीच्या चित्रात बाहेर पंचकोन असतो, आत पाच टोकांची चांदणी असते आणि दोघांना जोडणाऱ्या पाच रेघा असतात. बाहेरचे बिंदू आणि आतले बिंदू अगदी वेगळे वाटतात. चित्र फिरवून, उलटवून दहाच सममिती हाती लागतात आणि आतला बिंदू कधीच बाहेर येत नाही.

पण बिंदूंना वेगळी नावं देऊन पाहा. १ ते ५ मधल्या दोन-दोन अंकांच्या जोड्या घ्या. त्या नेमक्या दहा होतात. ज्या जोड्यांत एकही अंक सामाईक नाही, त्या जोडा: १२ ही ३४, ३५ आणि ४५ यांना. हाच पीटरसन ग्राफ. आता पाच अंकांची आपापसात कशीही अदलाबदल केली तरी सामाईक अंक नसलेल्या जोड्या तशाच राहतात. त्यामुळे १२० सममिती एका फटक्यात मिळतात आणि कोणतीही जोडी कोणत्याही जोडीच्या जागी जाते.

याहून जास्त नाहीत, हे मघाच्याच रीतीने कळतं. १२ ला जायला दहा जागा. तिच्या तीन शेजारणी नव्या शेजारणींवर सहा प्रकारे बसतील. मग ३४ च्या उरलेल्या दोन शेजारणी, १५ आणि २५, यांच्यासाठी दोन पर्याय. त्यानंतर सगळं ठरलेलं. दहा गुणिले सहा गुणिले दोन, पुन्हा १२०. चांदणीच्या चित्रात यातल्या ११० सममिती दिसतच नाहीत. सपाट कागदावर दुसरं कोणतंही चित्र काढलं तरी निव्वळ फिरवण्या-उलटवण्यातून सगळ्या १२० दाखवता येत नाहीत.