बायोडाटा समोरच्याला वाचता आला पाहिजे

गेल्या महिन्यात आमच्या केंद्रावर एक ताई आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला दोन पानांचा बायोडाटा होता. काही जण त्याला रेझ्युमे म्हणतात. तालुक्यातल्या एका पतसंस्थेत लिपिकाची जागा निघाली होती. ताईंनी बाजारातल्या दुकानातून बायोडाटा टाइप करून घेतला आणि त्याची वर्डची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली. आठ दिवसांनी फोन केला तेव्हा तिकडून उत्तर आलं, "ताई, फाइल उघडली हो, पण नुसती इंग्रजी अक्षरं होती, काही अर्थच लागेना. मुलाखती झाल्या आता."

बारावी कॉमर्स, एमएस-सीआयटी, औषधाच्या दुकानात चार वर्षं बिलं केलेली, बचत गटाचा सहा वर्षांचा हिशेब एकटीनं लिहिलेला. यातलं काहीच त्या कार्यालयापर्यंत पोहोचलं नाही. आम्ही ताईंच्या शेजारी बसून तो बायोडाटा पुन्हा केला. तेव्हा काय काय बदललं आणि का, ते आज सांगतो.

पहिलं कारण फॉन्टचं. मराठी टायपिंगचे जुने फॉन्ट खरं तर इंग्रजी अक्षरांवर मराठीचे मुखवटे चढवतात. कृतिदेव हा त्यातलाच एक. त्यात "भारत" असं दिसतं, पण संगणकानं आत साठवलेलं असतं Hkkjr. ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तिथे मुखवटा गळून पडतो आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी होतात. ताईंच्या फाइलचं हेच झालं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठी मात्र आतूनही मराठीच असतं. मंगल, निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट आहेत. त्यातला एखादा समोरच्या यंत्रात नसला तर दुसरा लागेल, अक्षराचं वळण थोडं बदलेल, पण मजकूर वाचता येईल.

आपली फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. फाइलमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा खिचडा झाला तर जुना फॉन्ट. जुन्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करता येतं, पण जोडाक्षरं आणि रफार अधूनमधून चुकतात. दोन पानांचाच मजकूर असेल तर नव्यानं टाइप करणं बरं. ताईंचा आम्ही तसाच केला, तासाभराचं काम होतं.

आता अक्षराचा आकार. इंग्रजी बायोडाटाला कॅलिब्री किंवा एरियल ११ पॉइंटमध्ये चांगला वाचता येतो. मराठीत मात्र नुसत्या आकड्यावर विसंबू नका, कारण एकाच आकड्याला दोन फॉन्ट वेगवेगळे दिसतात. कोकिला हा फॉन्ट १२ पॉइंटलाही मंगलपेक्षा बराच बारीक दिसतो. म्हणून एक पान छापून हातभर अंतरावर धरा आणि चष्म्याच्या नंबराची माणसं ते वाचू शकतील का, ते बघा. ताईंसाठी आम्ही निर्मला यूआय १२ पॉइंट ठेवला. संपूर्ण बायोडाटाला हा एकच फॉन्ट. त्यांच्या जुन्या पानावर चार होते.

मग ओळींमधलं अंतर. मराठी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऊकार. दोन्हीकडे जागा लागते. वर्डमध्ये Line spacing या ठिकाणी Exactly निवडून छोटा आकडा टाकला, तर वरच्या वेलांट्यांचे शेंडे कापले जातात. पान कोंबून बसवायला दुकानदार हे हमखास करतात. आम्ही तिथे Multiple निवडून १.१५ ठेवलं, तेवढ्यात ओळी मोकळ्या होतात.

दोन परिच्छेदांमध्ये जागा हवी म्हणून पुष्कळ जणी एंटरचं बटण दाबत राहतात. ताईंच्या फाइलमध्ये अशा अकरा रिकाम्या ओळी होत्या. फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की ओळी सरकतात आणि या रिकाम्या जागा भलत्या ठिकाणी येऊन बसतात, कधी पानाच्या अगदी डोक्यावर. त्याऐवजी परिच्छेदाच्या Spacing मध्ये After समोर ६ पॉइंट लिहायचं. अंतर परिच्छेदाला चिकटून राहतं. अक्षरं आडवी सरकवायला स्पेसबार दाबत राहण्याचंही तसंच. छापताना सरळ दिसलेली उभी रांग दुसऱ्या फॉन्टमध्ये वाकडी होते.

समास ठरवताना आधी कागद बघायचा. आपल्याकडे ए-फोर कागद चालतो, २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर उंच. वर्डमध्ये पुष्कळदा अमेरिकेतला Letter कागद आधीच निवडलेला असतो. तो थोडा रुंद आणि जवळपास दोन सेंटिमीटर बुटका असतो. तसाच ठेवला तर छापताना पान लहान होतं किंवा कडा कापली जाते. म्हणून Layout मध्ये Size उघडून A4 निवडायचं. त्यानंतर डावीकडे २.५ सेंटिमीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना २ सेंटिमीटर समास. डावीकडे जास्त का, ते कार्यालयात काम केलेल्या मैत्रिणींना ठाऊक असेल. कागद फाइलला लावताना पंचिंग मशीनची भोकं कडेपासून साधारण दीड सेंटिमीटरपर्यंत आत येतात. समास एकच सेंटिमीटर असेल तर भोक नेमकं जन्मतारखेवर किंवा फोन नंबरवर पडतं. शिवाय बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेला छापतच नाहीत. ताईंच्या पानाभोवती नक्षीची चौकट होती, तिची उजवी रेघ छापलेल्या प्रतीत उमटलीच नव्हती. चौकट आम्ही काढून टाकली.

आता फोनचा विचार करू, कारण बायोडाटा आधी तिथेच उघडला जातो. ए-फोर पान २१ सेंटिमीटर रुंद आणि उभा धरलेला फोन सात सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पान तिसऱ्या हिश्शाचं दिसतं आणि १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटएवढं. वाचणारी व्यक्ती पहिल्या नजरेत फक्त शीर्षकं बघते. मग दोन बोटांनी पान मोठं करते, तेव्हा डावी बाजू दिसते आणि उजवी पडद्याबाहेर जाते. ताईंच्या बायोडाटात कामाचं नाव डावीकडे आणि वर्षं पार उजव्या टोकाला होती. मोठं केलं की वर्षं गायब व्हायची. आम्ही दोन्ही एकाच जागी आणलं, "औषध दुकानात बिलिंग, ४ वर्षं" असं. पान दोन उभ्या रकान्यांत वाटलं तरी हीच अडचण येते. तसंच मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. मराठी शब्द लांब असतात, ओळीत मोठी भोकं पडतात. डावीकडून सरळ आणि उजवीकडे मोकळं, हेच वाचायला सोपं.

शीर्षकांकडे येऊ. शिक्षण, कामाचा अनुभव, संगणक आणि टायपिंग, संपर्क, एवढी चार ताईंना पुरली. ही शीर्षकं हातानं ठळक करत बसण्याऐवजी वर्डची Heading 1 ही शैली लावा. तिचं रूप एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. शिवाय शीर्षक पानाच्या तळाशी एकटं आणि मजकूर पुढच्या पानावर, असंही होत नाही, कारण या शैलीत Keep with next आधीच चालू असतं. मात्र तिचा मूळ रंग निळा असतो. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये तो करडा होतो आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की पुसट. म्हणून रंग काळा, आकार १४ पॉइंट, ठळक.

शीर्षकाच्या वर १२ पॉइंट जागा सोडा आणि खाली ४. वरची जास्त हवी, म्हणजे शीर्षक आपल्या मजकुराला धरून राहतं. शब्दाला अंडरलाइन करू नका. मराठीत ती रेघ उकारातून जाते, "कुटुंब" शब्दाचे दोन्ही उकार झाकले जातात. रेघ हवीच असेल तर परिच्छेदाची खालची बॉर्डर लावा, ती अक्षरापासून दूर राहते. आणि ठळकपणा शीर्षकापुरताच ठेवा. बारीक ठळक अक्षरात द्ध, ष्ट, क्ष यांच्या पोकळ्या झेरॉक्समध्ये शाईनं भरून जातात.

एवढं केल्यावर ताईंचा बायोडाटा एक पान आणि तीन ओळींवर आला. त्या म्हणाल्या, "अक्षर बारीक करा ना थोडं." आम्ही ते केलं नाही. वैवाहिक स्थिती, छंद आणि "वरील माहिती खरी आहे" हे वाक्य काढलं. या जागेसाठी त्यातलं काहीच मागितलेलं नव्हतं. बायोडाटा एका पानात बसला.

पाठवताना वर्डची फाइल न पाठवता पीडीएफ करून पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे पान तुम्ही पाहिलं तसंच समोर दिसतं. जुन्या फॉन्टमधलंही पीडीएफमध्ये नीट दिसेल, पण कार्यालयातल्या कोणी त्यातलं नाव किंवा पत्ता कॉपी करायला गेलं की पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं. आपली वर्डची फाइल मात्र जपून ठेवा, पुढच्या वेळी दुरुस्तीला ती लागेल.

पाठवण्याआधी आम्ही तीन गोष्टी करून पाहिल्या. पीडीएफ दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहिली. छापून त्या छापील पानाची झेरॉक्स काढली आणि झेरॉक्सच वाचली. डाव्या समासात पंच मारून पाहिला. तिसरी गोष्ट करताना ताई हसल्या, म्हणाल्या, "एवढं कशाला?" पण भोक कोऱ्या जागेतच पडलं, हे त्यांनी वाकून पाहिलं.

इंग्रजी बायोडाटा असेल तर चौथी गोष्टही करा. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. नाव, शिक्षण, अनुभव याच क्रमानं आलं तर ठीक. उलटसुलट आलं तर पानात कुठेतरी टेक्स्ट बॉक्स किंवा रकाने आहेत, ते काढा. मराठी पीडीएफला ही परीक्षा लावू नका. पान उत्तम असलं तरी कॉपी करताना काना-मात्रा विस्कटू शकतात.

ताईंनी हा बायोडाटा दुसऱ्या एका संस्थेत दिला आहे. तिथून फोन आला आणि मुलाखतीची तारीख मिळाली. आता त्या बचत गटाच्या हिशेबाची वही नीट लावत बसल्या आहेत.

तुमच्या घरात जुना बायोडाटा पडला असेल तर आधी त्यातली एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवून बघा. काही अडलं तर तो घेऊन केंद्रावर या, सोबत बसून करू. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.