पावसात मान टाकणारी सदाफुली

कुंडीतली माती ओलीचिंब आहे आणि तरीही सदाफुलीची पानं तहानल्यासारखी लोंबतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे दिसलं की हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो, आणि तिथेच रोप हातचं जातं.

सदाफुली मूळची मादागास्करची. ऊन, वारा आणि पाण्याची टंचाई तिला सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही. त्यात फायटोफ्थोरासारखी बुरशी असेल, तर तिचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, पावसाच्या थेंबांबरोबर उडून खोडालाही लागतात. कुजलेलं खोड पाणी वर नेऊ शकत नाही, म्हणून पानं सुकतात.

रोगाची खूण मातीलगतच्या खोडावर असते. तिथे काळपट-तपकिरी, ओलसर डाग पडतो. नखाने साल हलकेच खरवडा. आत हिरवं, घट्ट असेल तर रोप वाचण्याजोगं आहे. डाग खोडाभोवती पूर्ण फिरला असेल, तर ते खोड गेलंच.

समजा, आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीतलं रोप मलूल झालंय, पण खोड अजून हिरवं आहे. आधी कुंडीखालची ताटली काढा. मग रोप मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढून ओली माती हलक्या हाताने झाडा. पांढरी, टणक मुळं ठेवा. बोटांत धरताच साल निसटते ती तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने कापा. मुळं कमी झाली की वरचा भारही कमी करावा लागतो, म्हणून शेंडे एक तृतीयांश छाटा आणि फुलं-कळ्या काढून टाका.

नवी कुंडी मोठी नको, मातीची सहा इंची पुरे. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते. एक भाग बागेची माती, एक भाग धुतलेली जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि अर्धा भाग गांडूळखत असं कोरडं मिश्रण भरा. कोकोपीट पावसाळ्यात टाळलेलंच बरं, ते ओल धरून ठेवतं. खोड पूर्वीपेक्षा खोल पुरू नका. दोन दिवस पाणी देऊ नका. नंतरही बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच थोडं द्या. कुंडी पागोळीपासून दूर, पण भरपूर उजेडात ठेवा. खत नवी पालवी फुटेपर्यंत नाही.

कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरमागे अडीच-तीन ग्रॅम घेऊन फवारता येतं, पण ते निरोगी भाग राखतं. कुजलेलं खोड पुन्हा जोडत नाही.

खोड गेलं असेल तर वरच्या निरोगी फांद्यांचे तीन-चार इंचाचे शेंडे घ्या. कापलेल्या जागी आत तपकिरी छटा दिसली तर आणखी वर कापा. खालची पानं काढून ते ओलसर वाळूत खोचा. जुनी माती मात्र दुसऱ्या कुंडीत घालू नका, बुरशी तिच्यात टिकून राहते.