अंडी राहिली, म्हणून नानकटाई झाली

पंचवटीतल्या आमच्या इमारतीत कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने रविवारी पहिल्यांदाच केक केला. सव्वाशे ग्रॅम मैदा, तेवढीच साखर, तेवढंच लोणी, चमचाभर बेकिंग पावडर. दोन अंडी फोडायची मात्र राहून गेली. मिश्रण भांड्यात ओतता येईना, ते थापावं लागलं. ओव्हनमध्ये कडेने तूप उकळू लागलं, मधला भाग फुगलाच नाही, आणि सुरी लावताच वडीचा भुगा झाला. शेजाऱ्यांना आधीच बोलावलेलं होतं. ती रडवेली झाली.

समोरच्या आजींनी तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर नानकटाई!"

आजींचं निदान अचूक होतं. मैदा, साखर आणि तूप जवळपास सारख्या वजनाने घेतलं की नानकटाई होते. केक आणि तिच्यातला मोठा फरक अंड्यांचा. दोन अंड्यांचा गर साधारण शंभर ग्रॅम भरतो आणि त्यात पंचाहत्तर ग्रॅम पाणीच असतं. ते न मिळाल्याने साखर नीट विरघळली नाही आणि मैद्यातला स्टार्च पुरता फुलला नाही. बलकातलं लेसिथिन लोणी आणि पाणी एकत्र धरून ठेवतं. ते नसल्यामुळे तूप सुटून कडेला आलं. बेकिंग पावडरचा वायू तयार झाला, पण त्याला अडवणार कोण? अंड्यातली प्रथिनं साधारण ६० अंश सेल्सिअसपुढे आळू लागतात, साखरेमुळे केकमध्ये जरा उशिरा. बुडबुड्यांभोवतीच्या भिंती त्यांच्यामुळे टणक होतात आणि फुगलेला केक खाली बसत नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकू अंडं खात नाहीत. त्यांनी दोन तुकडे आवडीने घेतले आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. "रडतेस काय? दही आण."

दह्याने पाणी मिळालं, थोडी प्रथिनंही मिळाली. त्यातलं लॅक्टिक आम्ल खाण्याच्या सोड्याला भेटताच कार्बन डायऑक्साइड सुटतो. अर्धी वाटी दह्याला पाव चमचा सोडा पुरतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. सोडा घातल्यावर काकूंनी फोनही घेतला नाही, कारण वायू लगेच निघू लागतो आणि मिश्रण ताटकळलं तर तो उडून जातो.

अंड्यावाचून फुगवण्याची ही धडपड जुनी आहे. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्डने १८४३मध्ये बेकिंग पावडर बनवली, कारण त्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसे.

दुसरा केक चांगला फुगला. कापताना थोडा मोडला, कारण दह्याची प्रथिनं अंड्यासारखी घट्ट जाळी विणत नाहीत. इथे भार मैद्यातल्या ग्लुटेनवर आणि स्टार्चवर पडतो. पूर्ण गार झाल्यावर कापला असता तर वड्या नीट निघाल्या असत्या. फेटलेल्या अंड्यांच्या फेसावरच उभा राहणारा स्पंज मात्र दह्याने साधत नाही. आजींनी तोवर पहिल्या केकचा भुगा चहाबरोबर संपवला होता.