हवेने काढलेला ठसा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आमचे एक शेजारी तांडेल आहेत, गावभर सगळे त्यांना तात्या म्हणतात. परवा ते फोन पुढे धरून म्हणाले, "ह्यो माका वळखणाच नाय रे!" चार दिवसांपूर्वी रात्री फोनने स्वतःहून अपडेट घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी बाजारात नवी टेम्पर्ड काच बसवून झाली होती. गुन्हेगार दोन आणि पुरावा एकच, उघडत नसलेला फोन.

तात्यांचा अंगठा पडद्याखालून वाचला जातो, आणि तोही प्रकाशाने नव्हे, आवाजाने. असे सेन्सर सगळ्या फोनांत नसतात. बऱ्याच फोनांत पडदा बोटावर उजेड पाडतो आणि खालचा बारीक कॅमेरा ते टिपतो, तर काहींत बाजूच्या बटणातच सेन्सर असतो. तात्यांच्या फोनमध्ये मात्र काचेखालून आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी वर सोडला जातो. बोटावरच्या रेषांचे उंचवटे काचेला टेकलेले असतात, तिथे ध्वनी कातडीत शिरतो. दोन रेषांमधल्या खाचांत हवा असते, तिथून तो जवळजवळ सगळा मागे फिरतो. म्हणजे आपण ज्याला अंगठ्याचा ठसा म्हणतो, त्याचे चित्र खरे तर त्या खाचांतली हवा काढते!

हे तात्यांना समजावणे सोपे गेले, कारण त्यांच्या बोटीवर फिश फाइंडर आहे. माशाचे मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्यापेक्षा फारसे वेगळे नसते. पडद्यावर ठळक दिसते ती बहुतेक माशांच्या पोटातली हवेची पिशवी. फोनमध्येही तसेच, काचेतून आलेल्या ध्वनीपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग हवेच्या सीमेवरून परततो. सोनोग्राफीच्या आधी पोटावर जेल चोपडतात, तेही मधली हवा घालवायलाच.

आता ती नवी काच पाहू. तिला गोंद फक्त कडेने होता, मधे केसाएवढी फट आणि फटीत हवा. सेन्सरचा ध्वनी बोटापर्यंत पोचतच नव्हता. त्याच्या लेखी तो पडदा म्हणजे एक सलग खाच.

उलटेही घडते, आणि ते जास्त भीतीदायक आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये सॅमसंगच्या एस१० आणि नोट१० मालिकेतले काही फोन कोणाच्याही बोटाने उघडत असल्याचे उघड झाले. पडदाही झाकणाऱ्या काही सिलिकॉन कव्हरांच्या आतल्या बाजूला उठावाची नक्षी होती आणि सेन्सर तिलाच मालकाचा ठसा समजत होता. कंपनीने सांगितले, कव्हर काढा, जुने सगळे ठसे पुसा, नव्याने नोंदवा, आणि मग सुधारित अपडेट पाठवले.

तर तात्यांचा फोन. आधी तो बंद करून चालू केला. चालू झाल्यावर पहिल्यांदा पिनच मागतो, तो दोष नव्हे, ठरवून केलेली सोय आहे. सेटिंगमध्ये बोटाचा पर्याय जागेवर होता. तो गायब असता तर फोनला सेन्सरच सापडत नाही असे समजून दुरुस्तीचा रस्ता धरावा लागला असता. मग काच काढली, पडदा पुसला आणि उघड्या पडद्यावर एक नवे बोट, तर्जनी, नोंदवून पाहिले. एका झटक्यात नोंदले गेले. सेन्सर निर्दोष.

जुना अंगठा मात्र उघड्या पडद्यावरही कधी चाले, कधी नाही. फोन बोटाचा फोटो जपत नाही, रेषांच्या वळणांचे आणि फाट्यांचे गणित जपतो. अपडेटने ते वाचण्याची रीत बदलली, तर जुने गणित नीट जुळत नाही. म्हणजे अपडेटचाही थोडा वाटा असावा, असे मला वाटते.

मग नवी काच घेतली ती पूर्ण चिकटणारी, पातळ गोंद पसरवून जांभळ्या दिव्याखाली घट्ट करतात ती. गोंद स्पीकरच्या जाळीत उतरू नये म्हणून तिथे आधी पट्टी लावून घेतली. जुने ठसे सगळे पुसले. नवी नोंद काच बसवल्यावरच केली, आधी नाही, कारण फोनने ओळखायचे ते या काचेतून दिसणारे बोट. अंगठा आधी मधोमध, मग कडा, मग फोन हातात धरतो तसा तिरका. तात्या नुकतेच जाळे धुऊन आले होते, बोटे सुरकुतली होती. म्हटले, आधी चहा घ्या, कोरडी होऊ द्या.

संध्याकाळी पुन्हा हाक आली, बँकेचे अ‍ॅप अंगठा घेईना. तेही बरोबरच होते. फोनमध्ये नवे बोट आले की अशी अ‍ॅप्स जुनी किल्ली रद्द करतात, नाहीतर फोनचा पिन चोरणाऱ्याने स्वतःचे बोट नोंदवून पैसे काढले असते. अ‍ॅपचा पिन एकदा टाकावा लागतो. तात्यांना तो आठवेना, बायकोला पाठ होता.