स्टेशनवर, पण ‘ऑन द स्टेशन’ नाही

‘आय ॲम ऑन द स्टेशन.’ संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात हे वाक्य मला दर बॅचला ऐकू येतं. मराठीत आपण स्टेशनवर असतो, एअरपोर्टवर असतो, बसस्टॉपवर उभे राहतो. ‘वर’ म्हणजे ऑन, ‘त’ म्हणजे इन असं शाळेत पाठ केलेलं असतं, मग वाक्य असंच तयार होणार. ते ऐकून इंग्रजी माणसाला मात्र तुम्ही इमारतीच्या माथ्यावर चढल्यासारखं वाटतं.

इंग्रजीत ॲट, ऑन, इन यांतून निवडताना आपल्या मनात ती जागा कशी उभी आहे, ते पाहायचं. नकाशावरच्या ठिपक्यासारखी असेल तर ॲट. पाय किंवा वस्तू टेकायचा पृष्ठभाग असेल, किंवा एखादी रेघ, तर ऑन. हद्द असलेली, आत शिरता येणारी जागा असेल तर इन. जागा तीच राहते, पाहणं बदलतं.

कर्जतचंच घ्या. तिथे राहणारी मुलगी म्हणेल, ‘आय लिव्ह इन कर्जत’, कारण तिच्यासाठी कर्जत म्हणजे गल्ल्या, घरं, शेजार असलेलं अख्खं गाव. पुण्याहून मुंबईला निघालेला प्रवासी म्हणेल, ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट कर्जत’, कारण त्याच्या प्रवासात तो एक थांब्याचा ठिपका आहे. आता ही मुलगी गाडी पकडायला निघाली. ती ‘ॲट द स्टेशन’ आहे. पावसाची सर आली म्हणून वेटिंग रूममध्ये बसली, तर ‘इन द वेटिंग रूम’. गाडी आल्यावर बाहेर येऊन उभी राहिली, तर ‘ऑन द प्लॅटफॉर्म’, कारण फलाट हा खरोखरच पायाखालचा पृष्ठभाग आहे. म्हणजे ‘वर’चं ऑन इथे बरोबर, आणि पन्नास पावलांवर स्टेशनसाठी चूक. इमारतीच्या आत असण्यावरच भर असेल, तर ‘इन द स्टेशन’ही चालतं.

आता ती गाडीत बसते. आपला ‘त’ इन सुचवतो, पण इंग्रजीत नेहमीचं आहे ते ‘ऑन द ट्रेन’. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, ते ऑन घेतं: बस, ट्रेन, विमान, बोट. रिक्षा, कार, टॅक्सीत वाकून शिरून बसावं लागतं, म्हणून ‘इन अ रिक्षा’. ‘इन द ट्रेन’ अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण ‘ऑन अ रिक्षा’ म्हणालात तर टपावर बसल्यासारखं ऐकू येतं.

वेळेच्या बाबतीत आपली अडचण वेगळी आहे. सोमवारी, सकाळी, रात्री: तिन्हीला आपण एकच ‘ई’ लावतो आणि इंग्रजीत त्याचे तीन तुकडे होतात. ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’. घड्याळातला क्षण ठिपका, म्हणून ॲट. वार आणि तारीख यांना ऑन. महिना, साल, सकाळ-दुपार यांच्यात काळ पसरलेला असतो, म्हणून इन. रात्र यात बसत नाही. ‘ॲट नाइट’ तसंच लक्षात ठेवावं लागतं. वार आणि दिवसाचा भाग एकत्र आले की वाराचं चालतं. ‘सोमवारी सकाळी दहा वाजता’ म्हणजे ‘ॲट टेन ऑन मंडे मॉर्निंग’. सोमवारी रात्री म्हणायचं असेल तर रात्रही वाराच्या मागे जाते: ‘ऑन मंडे नाइट’.

माझ्या मते सगळ्यात चिवट चूक इथून पुढची आहे, कारण तिथे काहीच लावायचं नसतं. ‘गेल्या सोमवारी’ यातला ‘ई’ आपल्याला स्वस्थ बसू देत नाही आणि ‘ऑन लास्ट मंडे’ तोंडातून जातं. लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी यांपैकी शब्द वाराआधी आला की ऑन गळतो: ‘शी केम लास्ट मंडे’. ‘आज सकाळी’ म्हणजे नुसतं ‘धिस मॉर्निंग’. टुडे, टुमॉरो, यस्टर्डे यांच्याही आधी काही लागत नाही. लिहून झाल्यावर लास्ट, नेक्स्ट, धिस, एव्हरी हे चार शब्द शोधा आणि ते वाराला किंवा सकाळ-दुपारला जोडलेले असतील, तर त्यांच्या आधीचं ॲट, ऑन, इन खोडा. वर्गातल्या वह्यांत निम्मी लाल शाई यावरच जाते.

एका ठिकाणी मात्र आपले प्रत्यय जसेच्या तसे चालतात. गाडी वेळापत्रकातल्या मिनिटाला आली, तर ती ‘वेळेवर’ आली: ‘ऑन टाइम’. ती सुटायच्या आत आपण पोहोचलो, तर ‘वेळेत’ पोहोचलो: ‘इन टाइम’.