क्रोमियम आणि तांबे नियम का मोडतात?

Fe³⁺ या आयनाचे इलेक्ट्रॉन संरूपण लिहायला सांगितले, की अनेक विद्यार्थी 3d³ 4s² असे लिहितात. आधी 4s भरते, मग 3d. म्हणजे शेवटी आलेले आधी जाणार, असा त्यांचा तर्क. पण या उत्तरात एकटे, म्हणजे जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन तीन निघतात, आणि फेरिक सल्फेटसारख्या क्षारांच्या चुंबकीय मोजमापात ते पाच आढळतात. हे पाच 3d⁵ मध्येच बसतात. लोहाने ([Ar] 3d⁶ 4s²) आधी 4s मधले दोन सोडले आणि मग 3d मधला एक.

‘आधी 4s’ हे पोटॅशियम-कॅल्शियमपुरते खरे. पुढे अणुअंक वाढत जातो तसे केंद्रकाजवळचे 3d दूरवर पसरलेल्या 4s पेक्षा अधिक वेगाने खाली ओढले जाते. तरीही उदासीन अणूत 4s रिकामे राहत नाही, कारण आटोपशीर 3d मध्ये गर्दी झाली की इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात दूर ढकलतात. आयन तयार होताना मात्र धनप्रभार वाढतो, 3d आणखी खाली जाते आणि 4s मधले इलेक्ट्रॉन पहिल्यांदा निघतात. म्हणून आधी उदासीन अणूचे संरूपण लिहावे, मग 4s रिकामे करावे आणि नंतरच 3d ला हात लावावा.

ही ओढाताण क्रोमियमपाशी (अणुअंक 24) अगदी अटीतटीची होते. अपेक्षा 3d⁴ 4s² ची, प्रत्यक्षात 3d⁵ 4s¹. समान स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून दूर राहतात, त्यामुळे त्यांच्यातले प्रतिकर्षण घटते. 3d⁵ 4s¹ मध्ये सहाही इलेक्ट्रॉन समान स्पिनचे असतात आणि त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या 15 होतात; 3d⁴ 4s² मध्ये त्या 10 च. शिवाय 4s मधली जोडीही सुटते. वर्णपटावरून या दोन मांडण्यांमधला फरक सुमारे 0.96 इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतका येतो.

तांब्याला (अणुअंक 29) हेच कारण लावता येत नाही. 3d⁹ 4s² असो की 3d¹⁰ 4s¹, समान स्पिनच्या जोड्या 25 च भरतात. इथे निर्णायक ठरतो तो केंद्रकाचा वाढलेला प्रभार. 3d इतके खाली गेलेले असते, की गर्दी सोसूनही तिथे दहावा इलेक्ट्रॉन ठेवणे स्वस्त पडते. Cu⁺ चे 3d¹⁰ त्यातूनच येते. त्यात एकटा इलेक्ट्रॉन उरत नाही. Cu²⁺ मध्ये 3d⁹ उरते, आणि मोरचुदाचा निळा रंग त्याचाच.

‘अर्धे किंवा पूर्ण भरलेले उपकवच स्थिर’ हे वाक्य पाठ करून भागत नाही. क्रोमियमच्याच गटातले मॉलिब्डेनम 4d⁵ 5s¹ घेते, पण त्याखालचे टंगस्टन 5d⁴ 6s² वरच थांबते.